गुडविलवर घसारा का नाही, इम्पेअरमेंटची चाचणी का? दिंडोरीच्या एका वायनरीच्या खरेदीवरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूर-अंबडचे कारखानदार, दिंडोरी रस्त्यावरचे वायनरीवाले आणि आर्टिकलशिप करणारी मुलं यांच्याकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात. इम्पेअरमेंट म्हणजे पुस्तकात लिहिलेली किंमत वसूल होणार नाही इतकं मूल्य खालावणं. उत्तरं समजावीत म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. सिन्नरला फळांचा रस आणि पल्प बनवणारी एक लिस्टेड कंपनी दिंडोरी तालुक्यातली एक वायनरी विकत घेते. दोन्ही कंपन्या काल्पनिक आहेत आणि आकडे सोपे करून घेतले आहेत. नियम मात्र खरे आहेत.

गुडविल येतं कुठून?

वजाबाकीतून. बाकी प्रत्येक मालमत्तेचं मूल्य थेट काढता येतं, गुडविलचं येत नाही. दिलेल्या किमतीतून ओळखता येणाऱ्या सगळ्या गोष्टींचं वाजवी मूल्य वजा केलं की जे उरतं ते गुडविल.

आपल्या उदाहरणात रसवाल्या कंपनीने १ एप्रिल २०२२ रोजी वायनरीचे सगळे शेअर १२० कोटी रुपयांना घेतले. वायनरीच्या स्वतःच्या पुस्तकात निव्वळ मालमत्ता ४६ कोटींची होती. म्हणजे गुडविल ७४ कोटी, असं पुष्कळ जण लगेच म्हणतात. ते चूक आहे, कारण तुलना पुस्तकी किमतीशी करायचीच नसते. इंड एएस १०३, म्हणजे धंदा विकत घेण्याच्या हिशेबाचं भारतीय लेखा मानक, सांगतं, खरेदीच्या दिवशीची वाजवी मूल्यं घ्या. ती अशी निघाली (कोटी रुपये):

| बाब | पुस्तकी किंमत | वाजवी मूल्य |
|---|---|---|
| जमीन, इमारत, टाक्या, यंत्रं | ३० | ४२ |
| वाइनचा साठा | १२ | १५ |
| येणी व बँकेतली रक्कम | १४ | १४ |
| ब्रँड | – | २० |
| वितरकांशी असलेले करार | – | ५ |
| देणी | (१०) | (१०) |
| डिफर्ड टॅक्सचं दायित्व | – | (१०) |
| निव्वळ | ४६ | ७६ |

१२० मधून ७६ गेले, गुडविल राहिलं ४४ कोटी. वकील, मूल्यांकनकार आणि ड्यू डिलिजन्स करणाऱ्यांच्या फीचे दीड कोटी यात धरायचे नाहीत. ते त्याच वर्षीच्या नफा-तोटा पत्रकात खर्ची पडतात.

ब्रँड म्हणजे नावलौकिकच ना? मग तो गुडविलमधून बाहेर का काढला?

कारण ब्रँड एकटा विकता येतो. एखादी गोष्ट धंद्यापासून सुटी करून विकता येत असेल, भाड्याने देता येत असेल, किंवा ती करारातून वा कायद्याने मिळालेल्या हक्कातून आलेली असेल, तर ती वेगळी दाखवायची. नोंदवलेला ट्रेडमार्क आणि वितरकांचे करार या कसोटीला उतरतात. पंधरा हंगाम काढलेला वाइनमेकर, कामाला लागलेली माणसांची घडी, बागायतदारांचा विश्वास आणि रसाचं व वाइनचं वितरण एकत्र केल्याने वाचणारा खर्च यांतलं काहीच सुटं करून विकता येत नाही. ते सगळं ४४ कोटींत विरघळलेलं असतं.

इथे थोडं सावध राहायला हवं, कारण मोह मोठा असतो. ब्रँडचं आयुष्य वीस वर्षं धरलं तर दर वर्षी १ कोटी खर्ची पडतात. वितरकांचे करार पाच वर्षांचे, तिथेही दर वर्षी १ कोटी. गुडविलवर मात्र दर वर्षी काहीच पडत नाही. म्हणून खरेदीदाराला वाटतं, ब्रँड आणि करार यांचं मूल्य कशाला काढत बसायचं, सगळं गुडविलमध्येच राहू द्या. तसं केलं तर गुडविल ६२.७५ कोटी होतं आणि सुरुवातीची पाच वर्षं करपूर्व नफा दर वर्षी दोन कोटींनी फुगलेला दिसतो. खरेदी किमतीची वाटणी वाचताना ब्रँडवर चालणाऱ्या धंद्यात ब्रँडपुढे शून्य दिसलं, तर पहिला प्रश्न तिथेच विचारावा.

डिफर्ड टॅक्सचे १० कोटी मध्येच कुठून आले?

शेअर विकत घेतल्याने आयकराच्या पुस्तकात काहीच बदलत नाही. टाक्यांवरचा आयकरातला घसारा जुन्याच किमतीवर मिळत राहतो, ब्रँडवर काहीच मिळत नाही. पण हिशेबाच्या पुस्तकात आपण ४० कोटींची वाढ दाखवली (१२ + ३ + २० + ५). सरासरी २५ टक्के दर धरला तर पुढे १० कोटी कर जास्त भरावा लागणार. ते दायित्व आजच दाखवायचं. त्यामुळे निव्वळ मालमत्ता १० कोटींनी घटते आणि गुडविल तेवढंच वाढतं.

म्हणजे ४४ पैकी १० कोटींमागे ना वाइनमेकर आहे ना वितरण. ते हिशेबाच्या रीतीतून आलेले आहेत. हे लक्षात ठेवा, चाचणीच्या वेळी लागेल. खुद्द गुडविलवर मात्र डिफर्ड टॅक्स दाखवत नाहीत, नाहीतर गुडविल वाढलं की कर वाढणार, कर वाढला की पुन्हा गुडविल, असं चक्र सुरू होईल.

आमच्या कंपनीच्या ताळेबंदात गुडविल दिसतच नाही. कुठे गेलं?

शेअर घेतले असतील तर ते फक्त एकत्रित ताळेबंदात दिसतं. कंपनीच्या स्वतंत्र ताळेबंदात ‘उपकंपनीतील गुंतवणूक, १२० कोटी’ एवढीच ओळ असते. त्या गुंतवणुकीचं मूल्य खालावल्याची चिन्हं दिसली तर तिचीही तपासणी होते, पण ती वेगळी.

आता मूळ प्रश्न. टाक्यांवर घसारा, ब्रँडवर हप्ते, मग गुडविललाच सूट का?

पूर्वी अशी सूट नव्हती. अमेरिकेत १९७० पासून गुडविल जास्तीत जास्त चाळीस वर्षांत खर्ची टाकायचा नियम होता. २००१ मध्ये तिथल्या मानक मंडळाने तो काढून चाचणी आणली आणि २००४ मध्ये आयएफआरएस ३ या आंतरराष्ट्रीय लेखा मानकाने तोच मार्ग घेतला. भारतात इंड एएस आयएफआरएसच्या धर्तीवर असल्याने ते इथेही आलं.

घसारा लावायला दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात. वस्तू किती वर्षं चालेल आणि दर वर्षी किती झिजेल. वाइनच्या स्टीलच्या टाकीबद्दल हे बऱ्यापैकी सांगता येतं. गुडविलबद्दल दोन्ही सांगता येत नाहीत. आपल्या ४४ कोटींतला एक भाग वाइनमेकर सोडून गेला की त्याच दिवशी संपेल. एक भाग, म्हणजे एकत्र वितरणाची बचत, पुढची वीस वर्षं टिकेल. आणि एखादा भाग वाढेलही. या मिश्रणाला दहा वर्षं आयुष्य देऊन दर वर्षी ४.४ कोटी खर्च दाखवला, तर तो आकडा कुठल्याच झिजेचं मोजमाप नसतो. विश्लेषक मंडळी तो आकडा नफ्यात परत मिळवूनच कंपनीकडे बघत. वाचणारा जो आकडा आधी पुसून टाकतो तो छापायचा कशाला, असा मानक मंडळांचा युक्तिवाद होता.

दुसरं कारण कमी सांगितलं जातं. त्या काळी अमेरिकेत कंपन्या एकत्र आल्या की ‘पूलिंग’ ही पद्धत वापरता येत असे. जुन्या पुस्तकी किमती तशाच जोडायच्या, गुडविल दाखवायचंच नाही. मंडळाला पूलिंग बंद करायचं होतं आणि कंपन्यांचा कडाडून विरोध होता, कारण गुडविल पुस्तकात आलं की दर वर्षी नफ्यातून हप्ता जाणार. तो हप्ताच काढून टाकल्यावर विरोध पुष्कळ निवळला. तेव्हा चाचणी हा निव्वळ तत्त्वाचा विजय नव्हता, त्यात देवाणघेवाणही होती.

विरुद्ध बाजू कच्ची आहे असं मला वाटत नाही. विकत घेतलेलं गुडविल हळूहळू संपतच असतं, असं ती बाजू म्हणते. तीन वर्षांनी वायनरी चांगली चालत असेल तर ती तुम्ही नंतर केलेल्या जाहिरातींमुळे, नव्या माणसांमुळे. तो झाला स्वतः कमावलेला नावलौकिक आणि तो ताळेबंदात दाखवायला मुळातच बंदी आहे. हप्ते बंद केल्याने जुन्याची जागा नवा घेतो आणि बंदी मागच्या दाराने मोडली जाते. जपान आजही वीस वर्षांच्या आत हप्त्याने गुडविल खर्ची टाकतो. आंतरराष्ट्रीय मंडळाने हा प्रश्न पुन्हा उघडला होता; नोव्हेंबर २०२२ मध्ये चाचणीच ठेवायची असं ठरलं. कारण असं: हप्ते आणावेत इतका भक्कम पुरावा पुढे आला नाही.

आमची प्रायव्हेट लिमिटेड लहान आहे. आम्हालाही हीच चाचणी?

बहुतेक नाही. इंड एएस लागू होतं लिस्टेड कंपन्यांना, २५० कोटी किंवा त्याहून जास्त नेटवर्थ असलेल्या अनलिस्टेड कंपन्यांना आणि त्यांच्या उपकंपन्या-सहयोगी कंपन्यांना. बाकीच्यांना जुनी लेखा मानकं, म्हणजे एएस, लागतात. एएस १४ प्रमाणे विलीनीकरणातून आलेलं गुडविल साधारणपणे पाच वर्षांत खर्ची टाकायचं असतं. जास्त मुदत घ्यायची तर तिचं समर्थन द्यावं लागतं. आपली वायनरी विलीन करून घेतली असं धरून ४४ कोटींवर हा हिशेब लावला तर दर वर्षी ८.८ कोटी. एकच व्यवहार, एकाच एमआयडीसीतल्या दोन कंपन्या, आणि नफा इतका वेगळा. तुलना करताना आधी लेखा धोरणांची टीप उघडावी ती यासाठी.

चाचणीत गुडविलचं मूल्य काढतात का?

नाही, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. गुडविल एकटं पैसा कमावत नाही, त्यामुळे त्याची एकट्याची किंमत काढताच येत नाही. इंड एएस ३६ म्हणतं, गुडविल ज्या धंद्याच्या तुकड्याला चिकटलं आहे तो अख्खा तुकडा तपासा. या तुकड्याला कॅश जनरेटिंग युनिट म्हणतात, बोलताना सीजीयू. इतरांपासून बऱ्यापैकी स्वतंत्रपणे रोकड आणणारा सगळ्यात लहान गट म्हणजे सीजीयू.

मग दोन आकडे समोरासमोर ठेवायचे. एका बाजूला त्या सीजीयूची पुस्तकी किंमत, गुडविल धरून. दुसऱ्या बाजूला वसूल होण्याजोगी रक्कम. ही रक्कम म्हणजे दोन आकड्यांतला मोठा: चालवत राहिलो तर पुढच्या रोकडीचं आजचं मूल्य, ज्याला वापरमूल्य म्हणतात, किंवा विकलं तर मिळणारं वाजवी मूल्य वजा विक्रीचा खर्च. शहाणा मालक दोहोंत जास्त फायद्याचं तेच करील, म्हणून मोठा आकडा. पुस्तकी किंमत त्याहून जास्त असेल तर फरक तोटा म्हणून दाखवायचा. तो आधी गुडविलमधून कापायचा. गुडविल संपूनही उरला तर बाकीच्या मालमत्तांवर त्यांच्या किमतीच्या प्रमाणात वाटायचा.

वायनरीच्या आकड्यांवर करून दाखवा.

३१ मार्च २०२५. खरेदीला तीन वर्षं झाली. वायनरीची पुस्तकी किंमत अशी: स्थावर-यंत्रं ३७, ब्रँड १७, वितरक करार २, खेळतं भांडवल २२, गुडविल ४४. बेरीज १२२ कोटी. यातून डिफर्ड टॅक्सचं उरलेलं ७ कोटींचं दायित्व वजा केलं, राहिले ११५.

हे ७ कोटी का वजा केले? आठवा, गुडविलमध्ये १० कोटी केवळ कराच्या नोंदीमुळे वाढले होते. ते दायित्व वजा न करता तुलना केली असती, तर खरेदीच्या पहिल्याच दिवशी १२० ला घेतलेली वायनरी पुस्तकात १३० ची दिसली असती आणि १० कोटींचा खोटा तोटा निघाला असता. म्हणून व्यवहारात उरलेलं दायित्व वजा धरतात.

आता वापरमूल्य. व्यवस्थापनाचा पाच वर्षांचा करपूर्व रोकडीचा अंदाज ९, १०, ११, १२ आणि १३ कोटी. त्यानंतर दर वर्षी ५ टक्के वाढ. सवलतीचा दर, म्हणजे पुढच्या रोकडीचं आजचं मूल्य काढायचा डिस्काउंट रेट, करपूर्व १४ टक्के. पहिल्या पाच वर्षांचं आजचं मूल्य येतं ३६.९ कोटी. सहाव्या वर्षापासून पुढच्या सगळ्या काळाचं मूल्य असं काढतात:

```
13 × 1.05 ÷ (0.14 − 0.05) = 151.7
151.7 ÷ 1.14^5 = 78.8
```

एकूण ११५.६ कोटी, पुस्तकी किंमत ११५. चाचणी पास, साठ लाखांनी! इतक्या काठावर पास झालेली चाचणी पाहिली की अनुभवी ऑडिटर खुर्ची पुढे ओढतो. आकडे उत्तरापासून मागे मोजत आणले की काय, ही शंका त्याला येतेच.

त्याने तीन जागी बोट ठेवलं. पहिली, वाढीचा दर. एकूण मूल्यातले दोन तृतीयांशाहून अधिक पाच वर्षांनंतरच्या काळावर उभे आहेत, आणि तो काळ ५ टक्क्यांवर. हा दर त्या धंद्याच्या, त्या बाजाराच्या दीर्घकालीन सरासरीपेक्षा जास्त धरायचा तर सबळ कारण द्यावं लागतं. दुसरी, मागचे अंदाज. खरेदीच्या वेळी तिसऱ्या वर्षी १४ कोटी रोकड येईल असं संचालक मंडळाला सांगितलं होतं, आली ८ कोटी. जो अंदाज एकदा इतका चुकला त्याच्याच लेखणीतून नवा अंदाज आला आहे. तिसरी, पाचव्या वर्षाच्या १३ कोटींत अजून न बांधलेल्या नव्या सेलरची विक्री धरली आहे का? वापरमूल्यात मालमत्ता आज आहे तशी धरायची. अजून न केलेल्या विस्तारातून येणारा पैसा धरता येत नाही.

तिसऱ्या शंकेचं उत्तर समाधानकारक निघालं, सेलर धरलेलं नव्हतं. पहिल्या शंकेवर व्यवस्थापनाने माघार घेतली आणि वाढ ४ टक्क्यांवर आणली. एवढ्या एका टक्क्याने वापरमूल्य ११५.६ वरून १०७.१ वर आलं. विकली तर खर्च जाऊन ९८ कोटी मिळतील असं मूल्यांकनकाराचं मत, म्हणजे मोठा आकडा १०७.१ हाच. तोटा ७.९ कोटी. सगळा गुडविलमधून कापला, गुडविल उरलं ३६.१ कोटी. ब्रँडला आणि टाक्यांना हात लावावा लागला नाही.

आणि अंदाज वारंवार चुकतो त्याचं काय? त्याचा परिणाम सवलतीच्या दरात वा रोकडीत दिसायला हवा, दोन्हीकडे नव्हे, नाहीतर एकच जोखीम दोनदा मोजली जाते. मूळचीच ५ टक्के वाढ ठेवून सवलतीचा दर नुसता १५ टक्के केला असता, तरी मूल्य १०३.८ झालं असतं.

डिस्काउंट रेट नेमका कुठे चुकतो?

करपूर्व रोकडीला करोत्तर दर लावण्यात. मानक करपूर्व दर मागतं, पण बाजारातून सहज मिळतो तो भांडवलाचा सरासरी खर्च करोत्तर असतो. समजा तो १२ टक्के आहे आणि तोच व्यवस्थापनाच्या मूळ अंदाजाला लावला, तर ११५.६ कोटींचे १४९.५ कोटी होतात. वायनरीत काहीही न बदलता ३४ कोटी हवेतून आले. करोत्तर दर वापरायचा तर रोकडही कर वजा जाता घ्यावी.

व्यवस्थापन म्हणालं, रस आणि वाइन मिळून एकच सीजीयू धरू. बिघडलं काय?

बिघडलं असं की तोटाच नाहीसा होतो. सिन्नरचा रसाचा धंदा जुना आणि भक्कम आहे. त्याची पुस्तकी किंमत ९० कोटी आणि वसूल होण्याजोगी रक्कम १६० कोटी. हा ७० कोटींचा फरक म्हणजे त्या धंद्याने स्वतः कमावलेला नावलौकिक, जो ताळेबंदात कुठेच नाही. दोन्ही एकत्र केले तर पुस्तकी २०५, वसूल होण्याजोगे २६७.१. चाचणी ६२ कोटी राखून पास. वायनरीचे ७.९ कोटी रसाच्या पाठीमागे लपले.

चाचणीची सगळ्यात मोठी उणीव ही आहे आणि ती मानक मंडळांनाही मान्य आहे. चाचणी अख्ख्या तुकड्याची होते; तुकड्यात आधीपासून जाडजूड ढाल असेल तर विकत घेतलेलं गुडविल बुडालं तरी आकड्यांत दिसत नाही. घसाऱ्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा खरा मुद्दा हाच.

नियमाने यावर बंधन घातलं आहे. गुडविल अशा सगळ्यात खालच्या पातळीवर तपासायचं जिथे व्यवस्थापन स्वतः त्यावर लक्ष ठेवतं, आणि ती पातळी ऑपरेटिंग सेगमेंटहून, म्हणजे ज्याचे निकाल व्यवस्थापन वेगळे पाहतं त्या धंद्याच्या विभागाहून, मोठी असता कामा नये. व्यवस्थापन तोंडाने काय म्हणतं याला फारसा अर्थ नसतो. संचालक मंडळाच्या बैठकीची कागदपत्रं मागवा. दर तिमाहीला वायनरीची विक्री, खर्च, नफा यांचं वेगळं पान मंडळापुढे जात असेल आणि खरेदी फळाला आली का यावर चर्चा होत असेल, तर चाचणीही त्याच पातळीवर. तोटा दिसू लागलेल्या वर्षीच अंतर्गत रचना बदलून दोन धंदे एका प्रमुखाखाली आणले गेले असतील, तर त्या बदलाला धंद्याचं कारण आहे का हे नीट विचारावं. खरंखुरं कारण असूही शकतं, पण मुहूर्त बोलका असतो.

रसाच्या धंद्यालाही या खरेदीचा फायदा होणार असेल, तर ४४ कोटींतला काही भाग पहिल्यापासून रसाच्या सीजीयूला देता येतो, किंबहुना द्यायलाच हवा. पण ती वाटणी खरेदीच्या वेळच्या अपेक्षेवर, चाचणी नापास होताना नव्हे.

निफाड-दिंडोरीला गारपीट झाली, द्राक्षं गेली. लगेच चाचणी करायची का?

गुडविलची चाचणी वर्षातून एकदा तर व्हायलाच हवी, चिन्हं असोत नसोत. तारीख कुठलीही निवडा, पण दर वर्षी तीच ठेवा. मध्येच मूल्य घटल्याचं चिन्ह दिसलं तर तेव्हाही.

एका हंगामाची गारपीट ही रोकडीतली खोट आहे. एका वर्षाची ९ कोटी रोकड बुडाली तरी दीर्घकाळच्या मूल्यातून साधारण तेवढंच जातं. मुंबई-पुण्याचा मुख्य वितरक तुटला, उत्पादन शुल्काचे नियम कायमचे बदलले, किंवा वाइनमेकर प्रतिस्पर्ध्याकडे गेला, तर मात्र पुढची सगळी वर्षं खाली सरकतात आणि चिन्ह पक्कं. फक्त साठ लाखांच्या अंतरावर उभी असलेली वायनरी गारपिटीलाही नापास होईल, ही गोष्ट वेगळी.

आयकरात तरी गुडविलवर घसारा मिळतो ना?

आता नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्मिफ्स सिक्युरिटीजच्या प्रकरणात गुडविल हे घसारापात्र आहे असं म्हटलं होतं. वित्त कायदा २०२१ ने कर निर्धारण वर्ष २०२१-२२ पासून ते बंद केलं. शेअर खरेदीत तर प्रश्नच नव्हता, कारण तिथलं गुडविल एकत्रित ताळेबंदापुरतंच. इम्पेअरमेंटचा ७.९ कोटींचा तोटाही करातून वजा होत नाही.

पुढे वायनरी सावरली तर ७.९ कोटी परत आणता येतील?

नाही. टाक्या किंवा ब्रँड यांच्यावर काढलेला तोटा परिस्थिती सुधारली तर मर्यादेत उलटवता येतो. गुडविलचा कधीच नाही. सावरणं हे नंतरच्या मेहनतीचं फळ, म्हणजे स्वतः कमावलेलं गुडविल, आणि ते पुस्तकात घेता येत नाही. तिमाही निकालात दाखवलेला तोटाही वर्षअखेर पुसता येत नाही.

याचा एक वाकडा परिणाम होतो. परतीचा रस्ता नसल्यामुळे व्यवस्थापन तोटा दाखवायचं लांबवत राहतं, आणि मग एकदाच भलामोठा आकडा येतो. नवा मुख्य अधिकारी आला की पहिल्याच वर्षी गुडविल साफ करण्याची चाल त्यातलीच. दोष जुन्यावर जातो, पुढचे आकडे हलके होतात.

भागधारकाने वार्षिक अहवालात काय पाहावं?

एकत्रित आर्थिक पत्रकांतली गुडविलची टीप. तिथे सीजीयूनिहाय गुडविल, अंदाजाचा काळ, वाढीचा दर, सवलतीचा दर द्यावेच लागतात. गृहीतकांत होऊ शकेल इतपत बदल झाला तर तोटा निघेल अशी स्थिती असेल, तर किती अंतर उरलं आहे तेही सांगावं लागतं. ‘कोणत्याही वाजवी बदलाने तोटा होणार नाही’ हे वाक्य दर वर्षी तसंच छापलेलं दिसलं, तर मागच्या तीन वर्षांचे दर शेजारी मांडून बघा. बाजारात व्याजदर चढत असताना टिपेतला सवलतीचा दर उतरत असेल, तर विचारण्याजोगं आहे. लिस्टेड कंपनीचं बाजारमूल्य तिच्या नेटवर्थच्या खाली गेलं असेल, तर बाजार तुमच्या आधी चाचणी करून बसला आहे.

उशीर कसा होतो याचं आपल्याकडचं माहीत असलेलं उदाहरण म्हणजे टाटा स्टील. कोरस ही युरोपातली पोलाद कंपनी घेतली २००७ मध्ये. त्यानंतर युरोपात पोलादाची मागणी खचली हे सगळं जग पाहत होतं. गुडविल आणि मालमत्तांपोटी सुमारे ८,३५६ कोटी रुपये खर्ची पडल्याचं जाहीर झालं ते मे २०१३ मध्ये. त्या दिवशी कंपनीतून एक रुपयाही बाहेर गेला नाही. पैसे सहा वर्षांपूर्वीच गेले होते.

वायनरी पुढे विकून टाकली तर उरलेल्या गुडविलचं काय?

संपूर्ण वायनरी विकली तर ३६.१ कोटी गुडविल विकलेल्या मालमत्तेच्या पुस्तकी किमतीत मिळवायचं आणि नफा-तोटा काढायचा. सीजीयूतला एखादाच पूर्ण धंदा विकला, समजा पर्यटकांसाठीचं रिसॉर्ट, तर विकलेल्याच्या आणि उरलेल्याच्या मूल्याच्या प्रमाणात गुडविल वाटायचं. नुसती जुनी टाकी किंवा जमिनीचा तुकडा विकला तर गुडविलला हात लावायचा नाही, कारण तो धंदा नव्हे, सुटी मालमत्ता आहे.